मुलाखतीत ‘गॅप’ निघाला, तर दुसऱ्या दिवशी मेलमध्ये काय लिहावं?

रावेरकडचा एक अकाउंटंट जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात मुलाखतीला गेला, असं धरू. मॅनेजरने बायोडाटावर बोट ठेवून विचारलं, “एप्रिल २०२३ ते मे २०२४ काय करत होतात?” हा म्हणाला, “घरगुती अडचण होती.” त्यावर कोणी काही बोललं नाही, पण शंका राहिलीच: तारखा खऱ्या आहेत का, कामाची सवय सुटली का, आणि ती अडचण पुन्हा आली तर?

मेल लिहिण्याआधी तारखा तपासा. ईपीएफओच्या पोर्टलवर यूएएनने लॉगिन केलं की सेवेच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. कंपनीही पडताळणीत बहुधा हीच नोंद बघते. ती, रिलीव्हिंग लेटर आणि बायोडाटा जुळत नसतील, तर फरक मेलमध्ये आपणच सांगावा.

मग मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं, त्यालाच दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर द्या. भाषा मुलाखतीतलीच ठेवा. साहेब अहिराणीत मोकळे बोलले असले तरी मेल गप्पांचा नको. मजकूर साधारण असा:

“सर, काल वेळ दिल्याबद्दल आभार. एप्रिल २०२३ ते मे २०२४ या काळाबद्दल माझं उत्तर अपुरं राहिलं. वडिलांचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि केळीची बाग बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ३१ मार्चला रीतसर राजीनामा देऊन नोकरी सोडली. त्या काळात गावातल्या दोन दुकानांची जीएसटी रिटर्न मी भरत होतो. आता शेती धाकटा भाऊ बघतो, आणि जून २०२४ पासून मी डाळ मिलमध्ये नोकरीला आहे. रिलीव्हिंग लेटर जोडलं आहे.”

यात सगळ्यात वजनदार वाक्य भावाचं आहे. बहुतेक जण कारण सांगून थांबतात. ती अडचण आता कशी मिटली हे राहून जातं, आणि मॅनेजरला नेमकं तेच हवं असतं. अडचण मिटलीच नसेल तर मिटली म्हणू नका. महिन्यातून एक दिवस दवाखान्यात जावं लागतं, असं सरळ लिहा.

दुकानांच्या रिटर्नला ‘नोकरी’ म्हणायचा मोह होतो. तो टाळा, कारण पीएफच्या नोंदीत ती दिसणार नाही आणि खरं कामही खोटं वाटेल. आजाराचं नाव, रिपोर्ट, हॉस्पिटलचं बिल यातलं काही जोडायची गरज नाही. “माफ करा” तर नकोच. वडिलांना बघितलं यात माफी कसली?

आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर एकदा विचारा, पण फक्त निकालाचं. गॅपचा विषय आपणहून पुन्हा काढू नका.