बायोकेमिस्ट्रीचा शेवटचा आठवडा: धड्यांच्या क्रमाने वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

परीक्षेला सात दिवस उरले की बहुतेक मुलं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडतात. कार्बोहायड्रेटला दोन दिवस, लिपिडला दोन, अमिनो ॲसिडला एक, आणि मग वेळ संपतो. प्रश्नपत्रिका मात्र अशी धड्याधड्याने येत नाही. 'दोन दिवस काही न खाल्लेल्या माणसाच्या रक्तातली साखर कशी टिकते?' या एकाच प्रश्नाच्या उत्तरात ग्लायकोजेन, ग्लुकोनिओजेनेसिस, फॅटी ॲसिडचं ऑक्सिडेशन, कीटोन बॉडी आणि युरिया सायकल असे पाच धडे एकत्र येतात. प्रत्येक धडा वेगळा पाठ असला तरी त्यांना जोडणारे बाण कधीच काढलेले नसतात, आणि मार्क तिथेच जातात.

म्हणून शेवटचा आठवडा शरीराच्या अवस्थेनुसार लावा. पहिल्या दिवशी फक्त नकाशा. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची अवस्था. तिसरा आणि चौथा दिवस उपाशी अवस्थेला, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. पाचव्या दिवशी डायबेटिक कीटोॲसिडोसिस आणि रिकाम्या पोटी घेतलेली दारू. सहाव्या दिवशी नकाशात न बसणारे विषय. सातव्या दिवशी पुस्तक बंद ठेवून फक्त लिहायचं.

पहिली चूक: नकाशात सगळंच भरणं

जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटं करा, एवढा कागद पुरतो. त्यावर चार चौकोन काढा: लिव्हर, स्नायू, चरबी, मेंदू. कोपऱ्यात तांबड्या पेशीसाठी एक छोटा गोल. लिव्हरच्या चौकोनात चारच नावं ठळक लिहा: ग्लुकोज-६-फॉस्फेट, पायरुवेट, ऑक्झॅलोॲसिटेट आणि ॲसिटिल-कोए. ही नाकी आहेत. प्रत्येक नाक्यावरून रस्ते फुटतात, आणि कोणता रस्ता कधी उघडा, हेच परीक्षेत विचारतात. ग्लायकोलिसिसच्या दहाही पायऱ्या इथे लिहिल्या तर कागद भरतो आणि नाकी दिसेनाशी होतात. पायऱ्या वहीत राहू द्या.

नकाशा बरोबर आहे की नाही, हे तीन खुणांनी कळतं. ॲसिटिल-कोएपासून ग्लुकोजकडे बाण गेला असेल तर तो खोडा: पायरुवेट डिहायड्रोजिनेजची पायरी उलटी फिरत नाही, म्हणून चरबीतल्या सम कार्बनच्या फॅटी ॲसिडपासून निव्वळ ग्लुकोज मिळत नाही. चरबीतलं ग्लिसेरॉल मात्र ग्लुकोज देतं, त्याचा वेगळा बाण हवा. स्नायूच्या ग्लायकोजेनपासून रक्तातल्या ग्लुकोजकडे बाण असेल तर तोही खोडा: स्नायूत ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नाही, त्याचं ग्लायकोजेन त्याच्या स्वतःच्याच कामाला येतं. आणि लिव्हर कीटोन बॉडी वापरताना दाखवलं असेल तर तेही चूक, कारण लिव्हर त्या बनवतं, पण वापरायला लागणारं थायोफोरेज त्याच्याकडे नाही.

दुसरी चूक: उपास म्हणजे सगळा वेळ एकच अवस्था

इथे एक उदाहरण तासातासाने लिहून काढा. दशमीच्या रात्री नऊला भाकरी-भाजी आणि वर वाटीभर कुंदा खाल्ला. एकादशी निर्जळ धरली.

रात्री अकरापर्यंत इन्सुलिन वर आहे. लिव्हर ग्लायकोजेन साठवतंय, उरलेलं ग्लुकोज ॲसिटिल-कोए होऊन फॅटी ॲसिडकडे निघालंय. त्या वाटेवर तयार होणारं मॅलोनिल-कोए कार्निटिनचं दार, म्हणजे सीपीटी-१, बंद ठेवतं. त्यामुळे नवी चरबी बनत असताना तीच चरबी मायटोकॉन्ड्रियात जळत नाही. हे एक वाक्य उत्तरात आलं की दोन धडे जोडले गेले.

सकाळी सातला दहा तास झाले. ग्लुकागॉन वर आहे, लिव्हरचं ग्लायकोजेन फुटतंय आणि ग्लुकोनिओजेनेसिसही सुरू झालाय. इथे हिशेब करून बघा. लिव्हरमधला साठा साधारण ७५ ते १०० ग्रॅम, आणि एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे साठा दिवसभरसुद्धा पुरत नाही. संध्याकाळपर्यंत तो तळाला येतो आणि भार जवळजवळ सगळा ग्लुकोनिओजेनेसिसवर पडतो.

'उपास सुरू झाला की मेंदू कीटोन वापरू लागतो' असं बरीच मुलं लिहितात. पहिल्या दिवशी तसं होत नाही. कीटोन वाढू लागलेले असतात, पण मेंदू त्यांच्यावर मोठ्या प्रमाणात विसंबतो तो काही दिवस उपाशी राहिल्यावर. उत्तरात तास किंवा दिवस लिहिलाच पाहिजे, नाहीतर बरोबर गोष्ट चुकीच्या वेळी सांगितल्यासारखी होते.

आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. इन्सुलिन पुन्हा वर, सीपीटी-१ चं दार पुन्हा बंद. देवाचा उपास चालू असला तरी लिव्हरच्या दृष्टीने तो मोडला. नकाशा हातात घेऊन हा बदल बाणांनी दाखवता आला, तर दुसरा आणि तिसरा दिवस सत्कारणी लागला असं समजा.

तिसरी चूक: चरबी आणि साखर वेगवेगळी वाचणं

इथे थोडं थांबा, कारण सगळ्या विषयातला सगळ्यात कामाचा सांधा हाच आहे. चरबीपासून ग्लुकोज होत नाही, हे पाठ करून मुलं पुढे जातात. मग 'फॅटी ॲसिड ऑक्सिडेशनच्या दोषात साखर का कमी होते?' असं विचारलं की अडतात.

दोन पायरुवेटपासून एक ग्लुकोज बनवायला चार एटीपी आणि दोन जीटीपी, असे सहा उच्च ऊर्जेचे फॉस्फेट लागतात. उपाशी लिव्हरला ही ऊर्जा चरबी जाळूनच मिळते. दुसरं, त्या जळण्यातून जमलेलं ॲसिटिल-कोए एकाच वेळी दोन कामं करतं: पायरुवेट डिहायड्रोजिनेज बंद पाडतं आणि पायरुवेट कार्बोक्झिलेजला चालना देतं. त्यामुळे पायरुवेट जळायला न जाता ऑक्झॅलोॲसिटेट होऊन ग्लुकोजकडे वळतं. म्हणजे चरबी स्वतः ग्लुकोज होत नाही, पण ग्लुकोजच्या कारखान्याला वीज पुरवते आणि कच्चा माल योग्य दाराने आत पाठवते.

आता केस घ्या. दीड वर्षाचं मूल, ताप आणि उलट्यांमुळे रात्रभर काही खाल्लेलं नाही, सकाळी गुंगीत आहे. रक्तातली साखर खूप कमी, आणि कीटोन जेवढे असायला हवेत त्यापेक्षा फार कमी. उपाशी माणसाची साखर उतरली तर कीटोन वाढायला हवेत. ते वाढले नाहीत, म्हणजे ॲसिटिल-कोएच बनत नाही. नाकं सापडलं: दोष बीटा-ऑक्सिडेशनमध्ये किंवा कार्निटिनच्या दारात. एमसीएडी या एन्झाइमची कमतरता हे याचं नेहमीचं उदाहरण. एटीपी नाही म्हणून ग्लुकोनिओजेनेसिस मंदावला, पायरुवेट कार्बोक्झिलेजला चालना नाही म्हणून तो आणखी मंदावला.

याच्या शेजारीच फॉन गिर्के आजार मांडा. तिथे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नाही, म्हणून ग्लायकोजेन फुटूनही आणि ग्लुकोनिओजेनेसिस चालूनही ग्लुकोज शेवटच्या पायरीवर अडतं. साखर तिथेही उतरते, पण लॅक्टेट आणि युरिक ॲसिड वाढतं, लिव्हर मोठं होतं. दोन्ही केस एकाच नकाशावर दोन रंगांनी दाखवा. कुठला रस्ता कुठे तुटला हे दिसलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत.

चौथी चूक: फॉस्फेट लागला की चालू, असं गृहीत धरणं

ग्लुकागॉनमुळे प्रोटीन कायनेज-ए जागं होतं आणि एन्झाइमना फॉस्फेट लावतं. पण फॉस्फेट लागल्याने काही एन्झाइम चालू होतात, काही बंद. उपाशी अवस्थेत जे काम हवं आहे ते चालू, जे नको ते बंद, एवढंच विचारा. ग्लायकोजेन फोडणारं फॉस्फोरिलेज चालू, बनवणारं सिंथेज बंद. चरबी फोडणारं हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेज चालू, लिव्हरचं पायरुवेट कायनेज बंद. पायरुवेट डिहायड्रोजिनेजही फॉस्फेट लागल्यावर बंद होतं, पण ते काम त्याच्या स्वतःच्या कायनेजचं आहे, प्रोटीन कायनेज-एचं नाही. व्हायव्हाला हे हमखास विचारतात.

पाचवी चूक: प्रॅक्टिकल वेगळं ठेवणं

पाचव्या दिवशी कीटोॲसिडोसिस वाचताना रोथेरा टेस्टचं पान शेजारी उघडं ठेवा. जांभळी कडी ॲसिटोॲसिटेट आणि ॲसिटोनमुळे येते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटमुळे येत नाही. रिकाम्या पोटी भरपूर दारू प्यायलेल्या माणसात अल्कोहोलच्या ऑक्सिडेशनमुळे एनएडीएच फार वाढतं. मग ॲसिटोॲसिटेट बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटकडे ढकललं जातं आणि कीटोन भरपूर असूनही कडी फिकी येऊ शकते. त्याच एनएडीएचमुळे पायरुवेट लॅक्टेटकडे आणि ऑक्झॅलोॲसिटेट मॅलेटकडे जातं, ग्लुकोनिओजेनेसिसचा कच्चा माल संपतो आणि साखर उतरते. एका कारणातून तीन निरीक्षणं निघतात.

सहावी चूक: नकाशात न बसणारं सोडून देणं

हीम, न्यूक्लिओटाइड, डीएनए ते प्रोटीनपर्यंतचा भाग आणि ॲसिड-बेस या नकाशात ओढून बसवू नका. सहावा दिवस पूर्ण त्यांनाच द्या आणि तिथे पुस्तकाचाच क्रम ठेवा. व्हिटॅमिन मात्र नकाशावरच लिहा: पायरुवेट कार्बोक्झिलेजशेजारी बायोटिन, पायरुवेट डिहायड्रोजिनेजशेजारी थायमिन.

एटीपीच्या हिशेबातही घोळ होतो. जुन्या पुस्तकात पामिटिक ॲसिडचे निव्वळ १२९ एटीपी, नव्यात १०६. फरक एवढाच की जुन्यात एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच-२ चे २ धरले आहेत, नव्यात २.५ आणि १.५. दोन्ही पद्धती एका उत्तरात मिसळू नका. कोणती धरली ते पहिल्याच ओळीत लिहा.

सातव्या दिवशी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची एक अडचण इथे उघडी पडते. नकाशा डोक्यात मराठीत पक्का असतो, पण पेपर इंग्रजीत लिहायचा असतो. म्हणून शेवटच्या दिवशी वाचायचं नाही. कोऱ्या कागदावर वीस मिनिटांत नकाशा आठवून काढा, मग एकादशीची गोष्ट आणि मुलाची केस इंग्रजीत लिहा, प्रत्येकी अर्धं पान. जिथे पेन थांबेल तिथे बघा: शब्द आठवला नाही की बाण आठवला नाही? शब्द अडला असेल तर तो स्पेलिंगसकट पाच वेळा लिहा. बाण अडला असेल तर फक्त त्या नाक्याचं पान उघडा, तेवढंच वाचा आणि ती केस पुन्हा पहिल्यापासून लिहा.