कमिटी मीटिंगची विषयपत्रिका पाठवण्याआधी

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा निर्णय एप्रिलमध्ये झाला नाही, तर नाशिकमध्ये पाऊस सुरू होईपर्यंत काम उरकत नाही आणि वरच्या मजल्यावर पुन्हा छताला ओल येते. म्हणून गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. कमिटी नऊ जणांची, मीटिंग रविवारी सकाळी दहा ते सव्वाअकरा.

आधी मागचं इतिवृत्त काढा आणि राहिलेले विषय उतरवून घ्या. ज्यात कमिटीला काही ठरवायचं नाही, फक्त ऐकायचं आहे, ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवून यादीतून काढा. राहिलेल्या प्रत्येक विषयाचा खर्च कमिटीच्या अधिकारात बसतो का, हे उपविधीत पाहा. बसत नसेल, तर कमिटीचा निर्णय एवढाच असू शकतो की विषय विशेष सर्वसाधारण सभेपुढे न्यायचा. त्या सभेची नोटीस आदर्श उपविधींप्रमाणे पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, हा हिशेबही आत्ताच करा.

मग विषय लिहा. ‘गच्चीच्या गळतीबाबत विचारविनिमय करणे’ असं लिहिलंत, तर अर्धा तास गळती कुठून होते यावरच जाईल. त्याऐवजी हेतू लिहा: आलेल्या तीन कोटेशनपैकी एक निवडणे. त्याखाली ठरावाचा मसुदाच रिकाम्या जागांसह द्या: ‘गच्चीचे काम ______ यांना रु. ______ इतक्या रकमेत द्यावे; काम ३१ मेपूर्वी पूर्ण व्हावे; रु. ______ पहिल्या पावसानंतर द्यावेत.’ माझ्या मते सगळ्या तयारीत हे सर्वांत मोलाचं काम आहे. जागा भरता येत नसतील, तर आपल्याकडे माहिती कमी आहे हे मीटिंगआधीच कळतं. बहुतेकदा तिन्ही कोटेशन एकाच कामाची नसतात: एकात ब्रिकबॅट कोबा, दुसऱ्यात नुसतं केमिकल कोटिंग. अशा वेळी आधी तिघांकडून एकाच कामाचे दर मागवा.

वेळ अंदाजाने टाकू नका, माणसं मोजा. सेक्रेटरींना तुलना मांडायला पाच मिनिटं, नऊ जणांना प्रत्येकी दोन म्हणजे अठरा, ठरावाच्या शब्दांना सात, झाली तीस. मागचं इतिवृत्त कायम करायला पाच, पाहुण्यांच्या पार्किंगला वीस, कोण काय करणार हे लिहून घ्यायला दहा. पंच्याहत्तरपैकी दहा मिनिटं मोकळी राहतात, ती तशीच ठेवा. बेरीज जास्त होत असेल, तर सगळ्यांची मिनिटं छाटण्यापेक्षा एक विषय पुढच्या मीटिंगला ढकला. इतिवृत्तानंतर लगेच गच्ची घ्या. पार्किंग आधी घेतलं, तर त्यावरचा वाद गच्चीची वेळ खाईल.

कोटेशनचा तक्ता विषयपत्रिकेसोबतच पाठवा. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ ही ओळ राहू द्या, पण पुढे लिहा की त्यात विषय फक्त नोंदवले जातील, खर्चाचा ठराव होणार नाही.