हेडर-फूटर काढताना मजकूर कापू नका: सारांशाआधीच्या सफाईत या चुका टाळा

दोनशे पानी पीडीएफ सारांशासाठी हातात आला की घाई असलेल्या माणसाचं पहिलं पाऊल ठरलेलं असतं. सगळा मजकूर एका फाइलमध्ये ओतायचा, पान क्रमांक आणि पानोपानी येणारं अहवालाचं नाव ‘फाइंड अँड रिप्लेस’ने उडवायचं, आणि लिहायला बसायचं. हे काढायलाच हवं, यात वाद नाही. तेच शीर्षक दीडशे वेळा मध्ये आलं की वाक्यं तुटतात आणि सारांशात त्या शीर्षकालाच नको तितकं वजन मिळतं. पण काढताना काय काय सोबत गेलं, हे बघायची तसदी फारसं कुणी घेत नाही. त्यातून होणाऱ्या त्याच त्या चुका पाहून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

फक्त आकडा असलेली ओळ म्हणजे पान क्रमांक, असं समजणं

ही सगळ्यात लाडकी चूक. नियम एका ओळीत बसतो: ज्या ओळीत आकड्यांशिवाय काही नाही, ती उडवा. काम क्षणात होतं आणि फाइल स्वच्छ दिसते.

एका सहकाऱ्याने पुलाच्या तपासणीच्या १८६ पानी अहवालावर हाच नियम चालवला. अहवालाच्या परिशिष्टांत तक्ते होते: खांबाचा क्रमांक, भेगेची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिबाउंड हॅमरचं वाचन. हा हातोडा काँक्रीटवर दाबला की एक पूर्णांक दाखवतो, त्यावरून पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज येतो. पीडीएफमधून साधा मजकूर काढताना तक्त्यांचे रकाने मोडले आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्र ओळीवर आला. हे बरेचदा होतं. मग ३४, ३१, २८ अशी सगळी वाचनं ‘फक्त आकडा असलेल्या ओळी’ ठरली आणि गेली. भेगांची रुंदी ०.२, ०.३ अशी दशांशात होती, म्हणून ती मात्र वाचली. त्यामुळे तक्ता रिकामा दिसला नाही, अर्धवट भरलेला दिसला, आणि संशय यायला जागाच उरली नाही. सारांशात वाक्य आलं: ‘परिशिष्टात भेगांची नोंद आहे, मात्र हातोडा चाचणीची वाचनं दिलेली नाहीत.’ मूळ अहवालात ती पानंच्या पानं भरून होती. चाचणी करणाऱ्या माणसाने हे वाक्य वाचलं तेव्हा तो काय म्हणाला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरं तर चूक पकडायला एक आकडा पुरेसा होता. १८६ पानांच्या फाइलमधून पान क्रमांकाच्या ओळी जास्तीत जास्त १८६ निघायला हव्यात. मुखपृष्ठ आणि कोरी पानं धरली तर थोड्या कमीच. त्या दिवशी हजारावर ओळी गेल्या होत्या. उडवलेल्या ओळी मोजल्या असत्या तर तिथेच थांबता आलं असतं. म्हणून माझी सवय अशी की काढलेली प्रत्येक ओळ फेकायची नाही, पानाच्या क्रमांकासह वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. मग ती फाइल वरपासून खालपर्यंत नजरेखालून घालायची. हेडर-फूटरची फाइल वाचायला अगदी कंटाळवाणी असते. वाचताना मध्येच काही रंजक लागलं, तर समजायचं की मजकूर कापला गेलाय.

पान क्रमांक आकारावरून ओळखू नका, वागण्यावरून ओळखा. तो पानाच्या कडेला असतो आणि पानागणिक एकाने वाढतो. सुरुवातीला १२ पानं प्रस्तावना-अनुक्रमणिकेची असतील, तर फाइलमधल्या ५९ व्या पानावर ४७ छापलेलं असतं, ६० व्यावर ४८. फरक कायम १२. कडेच्या ओळीतला आकडा हा फरक पाळत असेल तरच तो पान क्रमांक. तक्त्यातला ३४ योगायोगाने एखाद्या पानाच्या तळाशी येईलही, पण पानामागून पान हा फरक सांभाळणार नाही. परिशिष्टांची पानं नव्याने १ पासून सुरू झाली की फरक बदलतो. तो तिथून पुढे नवा धरायचा, इतकंच.

पानांच्या सीमा आधीच पुसून टाकणं

वरचं सगळं जमायचं तर पान कुठे संपलं हे कळायला हवं. `pdftotext` प्रत्येक पानाच्या शेवटी फॉर्म फीड नावाचं न दिसणारं अक्षर ठेवतं. अनेकांना ती कटकट वाटते. ते `-nopgbrk` लावून ती खूण घालवतात आणि मग हेडर शोधत बसतात. ती खूण हेच तर तुमचं मुख्य हत्यार. ती शेवटपर्यंत ठेवा आणि आधी फक्त मोजा. पुसायची घाई नको.

```python
import re, collections
pages = open("ahaval.txt", encoding="utf-8").read().split("\f")
c = collections.Counter()
for p in pages:
    o = [l.strip() for l in p.splitlines() if l.strip()]
    for k in {re.sub(r"\d+", "#", l) for l in o[:2] + o[-2:]}:
        c[k] += 1
for k, n in c.most_common(15):
    print(n, k)
```

यात प्रत्येक पानाच्या वरच्या दोन आणि खालच्या दोन ओळी घेतल्या आहेत आणि आकड्यांच्या जागी `#` टाकलाय, म्हणजे ‘पान ४७’ आणि ‘पान ४८’ एकच मोजले जातात. पायथॉनमध्ये `\d` देवनागरी अंकही ओळखतो. `[0-9]` लिहिलंत तर ओळखणार नाही, आणि मराठी दस्तऐवजाचे सगळे पान क्रमांक जागच्या जागी राहतील. हे इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

यादी आली की ती वाचा. पुलाच्या अहवालात नुसतं ‘#’ जवळजवळ सगळ्या पानांवर होतं, पण अहवालाचं नाव सुमारे निम्म्याच पानांवर. कारण साधं आहे: डाव्या पानावर अहवालाचं नाव आणि उजव्या पानावर प्रकरणाचं नाव छापायची पद्धत असते. ‘८० टक्के पानांवर असेल तरच हेडर’ असा नियम लावणारे इथे फसतात. शिवाय प्रकरणाचं नाव तर फक्त त्या प्रकरणाच्या उजव्या पानांवर, म्हणजे कधी आठ-दहा वेळाच येतं. म्हणून मी टक्केवारीवर विसंबत नाही. कडेला चार-पाच वेळा आलेली प्रत्येक ओळ डोळ्यांनी पाहतो आणि एकेकीचा निर्णय घेतो. अशा ओळी बहुधा वीस-पंचवीसच भरतात. ‘आपोआप होऊ दे’ म्हणणाऱ्यांना हेही जड वाटतं.

स्कॅन केलेल्या प्रतीत तीच ओळ दर काही पानांनी वेगळी वाचली जाते, कुठे एखादी मात्रा गळते तर कुठे रेघेचा दंड होतो. तिथे तंतोतंत जुळणी सोडून जवळपासच्या जुळणीवर जावं लागतं.

हेडर काढलं, पण वाक्य जोडलं नाही

ही चूक पहिलीपेक्षा घातक, कारण इथे हरवतो तो एखादाच शब्द. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. आता पानाच्या तळाशी वाक्य असं तुटलंय असं समजा:

```
दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत या पुलावरून
जड वाहनांना जाऊ देता येणार
४७
पूल तपासणी अहवाल
नाही. हलकी वाहने एका वेळी एकाच
```

मधल्या दोन ओळी काढल्या तरी त्यांच्या जागी रिकाम्या ओळी उरतात. पुढे कुणीतरी रिकाम्या ओळीवरून परिच्छेद पाडतं. मग एक परिच्छेद ‘जाऊ देता येणार’वर संपतो आणि दुसरा ‘नाही’पासून सुरू होतो. वाचणारा पुढच्या-मागच्या तुकड्यांची सांगड घालेल अशी आशा. पण नवव्या प्रकरणापर्यंत पोचलेला वाचक ‘येणार’ला ‘येणार आहे’ समजून पुढे सरकतो. त्यातून त्या ओळीवर ‘नाही.’ एकटंच उरलं असेल, आणि ‘दोन-तीन शब्दांच्या ओळी म्हणजे कचरा’ असा आणखी एक नियम कुणी लावला असेल, तर नकार फाइलमधूनच जातो.

म्हणून क्रम सोडू नका: पानं वेगळी असताना कडा साफ करायच्या, आणि त्यानंतरच पानं जोडायची. जोडताना मी पानाची शेवटची ओळ पाहतो. ती पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविरामाने संपत नसेल आणि पुढच्या पानाची पहिली ओळ नवं शीर्षक किंवा कलम नसेल, तर मध्ये फक्त एक जागा सोडून दोन्ही जोडतो. तक्त्यांच्या पानांना हा नियम लावत नाही, तिथे कुठलीच ओळ पूर्णविरामाने संपत नसते. तळटीप असेल तर ती तुटलेल्या वाक्याच्या दोन भागांमध्ये येऊन बसते. ती आधी उचलून वेगळी ठेवायची, नाहीतर वाक्याला भलतीच शेपटी जोडली जाते. कमीत कमी लांबीचा नियम तर मी कधीच लावत नाही.

कडा कापून मोकळं होणं

`pdftotext`मध्ये पानाचा ठरावीक चौकोनच वाचायची सोय आहे:

```
pdftotext -x 0 -y 60 -W 595 -H 722 ahaval.pdf ahaval.txt
```

ए-फोर पान ५९५ बाय ८४२ पॉइंटांचं असतं. इथे वरचे आणि खालचे ६० पॉइंट सोडले आहेत. सगळी पानं एका मापाची असतील तर याहून सोपं काही नाही. पण मध्ये आडवी पानं आली की त्यांच्यावर हाच चौकोन चुकतो, आणि आडवी पानं नेमकी तक्त्यांची असतात. लांब तळटीपही खालच्या कडेत उतरते आणि कापली जाते. आधी सगळ्यात भरगच्च पान आणि एक आडवं पान तपासा.

हेडरमध्ये माहिती नसतेच, असं धरून चालणं

‘सर्व मोजमापे मिलिमीटरमध्ये’ ही ओळ तक्त्यात नसते, बरेचदा पानाच्या माथ्यावर असते. ‘मसुदा’, ‘परिशिष्ट ग: अमान्य सूचना’ हेही तिथेच. ही ओळ काढा, पण ती जिथे बदलते तिथे एकदा मजकुरात लिहून ठेवा. नाहीतर अमान्य झालेल्या सूचना सारांशात शिफारशी म्हणून मिरवतील.

पुन्हा पुन्हा येणारे परिच्छेद डोळे मिटून उडवणं

प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला तीच व्याप्ती, तेच अस्वीकरण येतं. पहिली प्रत ठेवून बाकीच्या काढायच्या हे बरोबर. पण त्या खरोखर सारख्या आहेत का, हे आधी `diff`ने पाहायचं. अकरा विभागांत ‘ही तपासणी फक्त डोळ्यांनी पाहून केली आहे’ असतं आणि बाराव्यात ‘पाण्याखालील भाग वगळून’ एवढीच भर असते. ते तीन शब्द ज्या विभागात आले त्याच विभागाच्या सारांशात गेले पाहिजेत. पहिल्या प्रतीत ते नाहीतच.