पन्हळ घेताना पाच मिनिटांची सर मोजा: उतरत्या छपराच्या पन्हळी आणि पाईपांचा आकार

मे संपत आला की खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात कौले चाळणे, पत्र्यांचे हुक घट्ट करणे अशी कामे सुरू होतात. पन्हळीकडे मात्र लक्ष जाते ते पहिल्या मोठ्या पावसात ती भरून भिंतीवर ओघळू लागली की. पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत असेल तर हे ओघळणे नुसते डाग पाडून थांबत नाही. ऑगस्ट 2019 च्या पावसात या जिल्ह्यात किती मातीची घरे पडली, हे आपण पाहिले आहे. भिंत पायाशी भिजली की वरचा भार तिला पेलवत नाही. म्हणून मृगाच्या आधी, छपरावर चढण्याजोगे दिवस आहेत तोवरच हा हिशेब करून घ्यावा.

आकार ठरवताना वर्षाचा पाऊस धरू नका. कणकुंबी-जांबोटीकडे कोसळतो त्याच्या कितीतरी कमी पाऊस अथणीकडे पडतो, म्हणून अथणीकडे लहान पन्हळ चालेल असे बरेच जण समजतात. पण पन्हळ भरून वाहते ती दिवसभराच्या झडीने नव्हे, तर सर्वांत जोराच्या पाच-दहा मिनिटांच्या सरीने, आणि वळवाची तशी सर अथणीलाही येते. त्यासाठी तासाला 150 मिमी या वेगाची सर धरावी, म्हणजे मिनिटाला 2.5 मिमी. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा पाख्याच्या क्षेत्रफळाला 2.5 ने गुणले की मिनिटाला किती लिटर पाणी पन्हळीत येणार ते कळते.

क्षेत्रफळ कौलांवरून टेप धरून घेऊ नका, जमिनीवर मोजा: आढ्याच्या खालच्या बिंदूपासून वळचणीच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर. वाऱ्यासोबत तिरपा येणारा पाऊस उतरत्या पाख्यावर जास्त आदळतो, म्हणून आढे वळचणीपेक्षा जितके उंच असेल त्याची निम्मी उंची या अंतरात मिळवावी. आपल्याकडे नैर्ऋत्येकडून वारा येतो, त्यामुळे पश्चिम-दक्षिणेकडच्या पाख्याला हे विशेष लागू आहे.

समजा, मंगळुरी कौलांचे दुपाखी घर आहे. लांबी 12 मीटर, म्हणजे साधारण 40 फूट. आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत आडवे अंतर 5 मीटर आणि आढ्याची उंची वळचणीपासून 2.5 मीटर. निम्मी उंची सव्वा मीटर. ती मिळवून सव्वासहा मीटर गुणिले 12, म्हणजे 75 चौरस मीटर. याला 2.5 ने गुणले की एका पाख्याचे मिनिटाला सुमारे 190 लिटर पाणी होते.

आता पन्हळीची ताकद पाहा. अर्धगोल पन्हळ, टोकाला मोकळे तोंड असेल तर साधारणपणे 4 इंची मिनिटाला 45 लिटर, 5 इंची 80, 6 इंची 125 आणि 8 इंची 260 लिटर पाणी वाहून नेते. रुंदी दुप्पट केली की ताकद पाचपटीहून जास्त वाढते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या घराला एकाच टोकाला पाईप द्यायचा तर 8 इंची पन्हळ लागेल. पण मध्यभाग उंच धरून दोन्ही टोकांना ढाळ दिला तर प्रत्येक बाजूला 95 लिटरच येतात. तिथे 5 इंची कमी पडते, 6 इंची पुरते. 6 इंची पाईप उभा चिरून केलेली पन्हळही चालते आणि स्वस्त पडते. माझ्या मते पन्हळ मोठी करण्याआधी नेहमी दुसरा पाईप देण्याचा विचार करावा.

पाईप एकच, पण तो मधोमध बसवला तरी पन्हळ 6 इंची चालते, कारण तिच्या दोन्ही भागांत निम्मेच पाणी असते. त्या पाईपाच्या तोंडाशी मात्र पूर्ण 190 लिटर एकत्र येतात, आणि खरी अडचण तिथेच होते. उभा पाईप सहसा भरत नाही. पाणी अडते ते त्याच्या तोंडाशी. तोंडावर दीडेक इंच पाणी साचलेले धरले तर 3 इंची तोंड मिनिटाला सुमारे 120 लिटर आणि 4 इंची सुमारे 160 लिटर पाणी खाली घेते. म्हणजे मधोमध एकटा 4 इंची पाईपही कमी पडेल. दोन टोकांना दोन 4 इंची पाईप निर्धास्त. 3 इंची हिशेबात बसतो खरा, पण घराशेजारी फणस किंवा आंबा असेल तर एक-दोन पानांत तो चोंदतो. आणि तोंडावर सपाट जाळी बसवली की ताकद जवळजवळ निम्मी होते. तेव्हा 4 इंची असूनही 80 लिटरच जातील, 95 नाहीत. जाळी हवीच असेल तर टोपलीसारखी उभी, पन्हळीच्या पाण्यावर डोके काढणारी घ्या.

वळचण भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे असते, म्हणून पाईप परत भिंतीकडे आणावा लागतो. तिथे काटकोनी बेंड आणि आडवा तुकडा टाकला तर वरचा सगळा हिशेब फुकट जातो. 45 अंशांचे दोन बेंड लावून पाईप तिरपा आणा.

ढाळ दर तीन मीटरला एक सेंटीमीटर पुरतो. आपल्या सहा मीटरच्या बाजूला दोन सेंटीमीटर. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तो तपासून घ्या, नजरेवर सोडू नका. जास्त ढाळ दिला तर खालच्या टोकाला पन्हळ कौलांपासून इतकी खाली जाते की जोराचे पाणी तिच्यावरून उडी मारून पुढे पडते. भरलेली 6 इंची पन्हळ मीटरला जवळपास नऊ किलोचे ओझे पेलत असते, म्हणून हुक दोन फुटांवर लावा. नाहीतर मधे झोळ पडतो आणि तिथूनच पाणी गळते.

कितीही मोजून केले तरी एखादी सर हिशेबापेक्षा मोठी येते, किंवा रात्री पानांनी तोंड बुजते. त्यासाठी पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा एक सेंटीमीटर खाली ठेवा. भरली तर पाणी अंगणात पडेल, भिंतीवर नाही. मातीच्या भिंतीसाठी एवढी एक गोष्ट तरी सोडू नका. कौल किंवा पत्रा पन्हळीच्या एक तृतीयांश रुंदीपर्यंत आत यायला हवा; तो कमी असेल तर पाणी कौलाच्या पोटाखालून मागे सरकत वाशांवर आणि भिंतीवर येते. मग पन्हळ अर्धी रिकामी असतानाही भिंत ओली दिसते.

जुनी पन्हळ असेल तर पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन पाहा. पाईपाजवळच तुडुंब आणि लांबच्या टोकाला पाणी कमी असेल, तर तोंड लहान आहे किंवा चोंदले आहे. पूर्ण लांबीभर काठोकाठ आहे, पण तोंडातून पाणी मोकळे खाली जाते, तर पन्हळ लहान आहे. एकाच जागी गळत असेल तर तिथे झोळ आहे. आणि दोन छपरे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यावरूनच पाणी उसळत असेल, तर दोन पाख्यांचे पाणी एका जागी पडते आहे. तिथे पत्र्याची उभी आड लावा आणि पाईप त्याच कोपऱ्याजवळ आणा.

पाईपातून पडणारे पाणी पायापासून निदान दहा फूट दूर न्या, फरशी किंवा दगडी चर करून.