मालमत्ता कराच्या बिलात क्षेत्रफळ किंवा दर चुकलाय? दुरुस्ती अशी मागा

‘बिल फार जास्त आले आहे, कृपया कमी करावे’ असा अर्ज करू नका. तो आवक होतो, फायलीला लागतो आणि तिथेच राहतो. बिल नाही, बिलामागची नोंद दुरुस्त करून मागायची असते. म्हणून आधी कर विभागातून आपल्या मालमत्तेचा आकारणी उतारा घ्या. बिलावर फक्त बेरीज असते. ती कशाची, हे उताऱ्यावर कळतं.

खरी गोम क्षेत्रफळात आहे. करारनाम्यावर कार्पेट असतं, बिलात बऱ्याचदा बांधीव. मी पहिल्यांदा हे न बघताच तक्रार ठोकली. मोजणीला माणूस आला, क्षेत्रफळ बरोबरच निघालं, वर बंद केलेली बाल्कनी नोंदवून गेला. कर वाढला! तेव्हा आधी स्वतः टेप घेऊन मोजा, आणि नंतर केलेलं वाढीव बांधकाम असेल तर मोजणी मागण्यापूर्वी दोनदा विचार करा.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो होतो. करारात कार्पेट ५० चौरस मीटर, बिलात ७४. आमच्याकडे बांधीव म्हणजे कार्पेटच्या १.२ पट धरत होते, म्हणजे ६० व्हायला हवे होते. उरलेले १४ आले कुठून? मंजूर नकाशा उघडला तर उघडी गच्ची नेमकी १४ चौरस मीटर. ती खोलीसारखी धरली होती. ‘क्षेत्र चुकले’ एवढंच लिहिण्याऐवजी ‘१४ चौ.मी. उघडी गच्ची बांधीव क्षेत्रात धरली आहे, नकाशा जोडला आहे’ असं लिहिलं. एकच पाहणी झाली आणि काम झालं. तुमच्याकडचा गुणक आणि गच्चीचा नियम मात्र तिथल्याच नियमावलीत बघा. फरक साधारण पावणेअकरा पट दिसला, तर चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या रकान्यात पडलाय, दुसरं काही नाही.

दराचं म्हणाल तर दर स्वतः क्वचितच चुकतो, वर्गवारी चुकते: राहत्या घराला बिगरनिवासी, पत्र्याच्या छताला आरसीसी, किंवा बांधकामाचं वर्ष चुकीचं. तो रकाना शोधा, वीजबिलासारखा पुरावा जोडा.

अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. हरकतीची मुदत नोटिशीवर छापलेली असते; ती गेली की तुमचं म्हणणं खरं असूनही वर्ष वाया जाऊ शकतं.

‘निकाल लागेपर्यंत भरू नका’ हा सल्ला मला सर्वात घातक वाटतो. अर्ज दिला म्हणून दंड आपोआप थांबत नाही. ‘हरकत कायम ठेवून’ असं लेखी देऊन भरा आणि जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करण्याची मागणी अर्जातच घाला.

दुरुस्त बिल हातात आलं तरी उतारा पुन्हा काढा. माझं त्या वर्षीचं बिल सुधारलं होतं, मूळ नोंदवहीत ७४ तसेच होते.