ऑप्शन फॉर्ममधला पहिला नंबर: बारावी सायन्सच्या मुलांसाठी रविवारचा वेबिनार

येत्या रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा मी झूमवर वेबिनार घेतेय. विषय बारावीनंतरचं करिअर हाच आहे, पण सगळ्या क्षेत्रांची नावं वाचून दाखवण्यात मी वेळ घालवणार नाही. पीसीएम ग्रुपच्या मुलांचं करिअर प्रत्यक्षात ठरतं ते कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणून दोन तास त्याच्यावरच बोलायचं आहे.

हे ठरवायला एक मुलगी कारण झाली. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या प्रवेशाच्या वेळी, ती पहिल्या राउंडनंतर वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. सीईटीत 88 पर्सेंटाइल. तिला सिव्हिल करायचं होतं, अकरावीपासून तेच म्हणत होती. वडिलांनी मात्र यादी लावली होती ‘मिळण्याची खात्री’ पाहून. एक नंबरला गावातलंच कॉलेज, आयटी शाखा, आदल्या वर्षीचा कटऑफ 80 च्या आसपास. साठ किलोमीटरवरच्या सरकारी कॉलेजातलं सिव्हिल चौथ्या नंबरला, कारण तिथला कटऑफ जास्त.

पहिल्या राउंडला आयटी लागलं. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पहिल्या राउंडमध्ये पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप फ्रीज होते. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. मग आम्ही राउंडचा कटऑफ उघडला. सरकारी कॉलेजातलं सिव्हिल तिच्या रकान्यात 86 ला थांबलं होतं. म्हणजे ते वर असतं, तर पहिल्याच राउंडला मिळालं असतं. ती काहीच बोलली नाही. वडील मात्र पुन्हापुन्हा विचारत होते, “पण मॅडम, ते वर टाकून नसतं मिळालं तर?”

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घराला माहीत हवं. तुमची पाळी मेरिट नंबरप्रमाणे येते. तेव्हा तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि जिथे तुमच्यासाठी जागा शिल्लक असेल तिथे थांबते. वरचं नाही मिळालं तर खालच्या नावावरचा तुमचा हक्क जराही कमी होत नाही. आयटी दोन नंबरला असतं तरी तिला ते मिळालंच असतं. म्हणून यादी आवडीप्रमाणे लावायची आणि कटऑफ बघायचा तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवायला.

उलटी चूकही होते. “मिळणार नाहीच, टाकून ठेवू” म्हणत नको असलेलं नाव वर ठेवलं जातं आणि नेमकं तेच लागतं. 2025 मध्ये दुसऱ्या राउंडला पहिले तीन आणि तिसऱ्याला पहिले सहा पसंतीक्रम असेच बांधून टाकणारे होते. त्यामुळे वरच्या सहांत असं एकही नाव नको, जिथे जायची तुमची तयारी नाही. यंदाचं माहितीपत्रक निघालं की हा नियम त्यात पुन्हा वाचायचाच, कारण राउंडचे नियम बदलतात.

वेबिनारची पहिली चाळीस मिनिटं मी बोलेन. त्यात स्क्रीनवर कटऑफची फाइल उघडून ती वाचायची कशी ते दाखवेन. GOPENH आणि LOPENH ही अक्षरं पाहून पालक घाबरतात, पण त्यात फार काही नाही. G म्हणजे सर्वसाधारण, L म्हणजे मुलींसाठीची जागा, मधला OPEN हा प्रवर्ग, आणि शेवटचा H म्हणजे तुमच्या विद्यापीठाच्या हद्दीतली जागा. H ऐवजी O असेल तर हद्दीबाहेरच्यांसाठी, S असेल तर राज्य पातळीवरची. मुलींच्या पालकांनी फक्त G चा रकाना पाहिला, तर L मधली संधी नजरेतून सुटते. नंतरचा तासभर तुम्ही स्वतःची दहा नावांची यादी लावायची आणि मी त्यातल्या काही सगळ्यांसमोर तपासेन, नाव न सांगता. उरलेला वेळ प्रश्नांसाठी.

यावं कोणी? ज्यांचा पीसीएमचा सीईटी निकाल हातात आहे आणि ऑप्शन फॉर्म अजून भरायचा आहे, त्यांनी. सोबत आई किंवा वडील हवेतच, कारण यादीवरचं भांडण घरी होतं आणि ते माझ्यासमोर झालेलं बरं. बीसीए, बीबीएच्या सीईटीवाल्यांनाही यादीच्या क्रमाचा भाग उपयोगी पडेल. नीटवाल्यांनी आणि कला शाखेच्या मुलांनी या सत्रात वेळ घालवू नये, तुमच्यासाठी वेगळं सत्र घेईन.

शुल्क नाही. शनिवारी रात्री आठपर्यंत नोंदणी करा, लिंक ईमेलवर येईल. येताना स्कोअरकार्ड आणि गेल्या वर्षीच्या पहिल्या राउंडची कटऑफ फाइल जवळ ठेवा. दहा नावं मात्र मुलानं एका कागदावर आणि पालकानं दुसऱ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता लिहून आणायची आहेत.