बारा पेरांवर मोजून पाहा: ध्रुपद आणि ख्याल ऐकताना फरक कसा ओळखावा

ध्रुपद आणि ख्याल हे हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाचे प्रकार. त्यांत ध्रुपद म्हणजे संथ आणि ख्याल म्हणजे चपळ, असं पुष्कळदा सांगितलं जातं. हे मनात धरून ऐकायला बसलात तर अर्ध्या तासात गोंधळ उडेल. ध्रुपदाची बंदिश सुरू झाली की ती चांगली ठसठशीत, चालत्या लयीत असते आणि बडा ख्याल, म्हणजे ख्यालाचा पहिला, विलंबित भाग, मात्र इतका सावकाश चालतो की नव्या माणसाला ताल सापडतच नाही. संथपणा दोन्हीकडे आहे. ध्रुपदात तो ताल सुरू होण्याआधी येतो, ख्यालात तालाच्या पोटात असतो. एवढं एक ध्यानात ठेवून पुढच्या पायऱ्यांनी ऐका.

आधी ध्वनिमुद्रणं निवडा

राग एकच घ्या, म्हणजे सूर तेच राहतील आणि फरक फक्त गाण्याच्या पद्धतीचा उरेल. यमन सोयीचा, कारण तो आपल्या कानावर भावगीतापासून भजनापर्यंत सगळीकडे पडलेला असतो. ध्रुपद चौतालातलं शोधा आणि ख्याल विलंबित एकतालातला. ही जोडी मी मुद्दाम सांगतो आहे. दोन्ही ताल बारा मात्रांचे आहेत आणि दोन्हींत टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवरच येतात, तिसरी आणि सातवी मात्रा काल, म्हणजे टाळीशिवायची. सांगाडा तोच असल्यामुळे लयीतला फरक उघडा दिसतो. मुद्रण पूर्ण लांबीचं हवं. पाच-सात मिनिटांच्या तुकड्यात ध्रुपदाचा आलापच कापलेला असतो.

पहिली दहा मिनिटं: शब्द आहेत का, ठेका आहे का

ध्रुपद लावा. फक्त तानपुरे आणि आवाज. पखवाज समोर ठेवलेला असतो, पण वाजत नाही. गायक शब्दही म्हणत नाही. 'री', 'रे', 'ना', 'नोम्', 'तोम्' अशी अक्षरं घेऊन एकेक सूर उलगडत जातो. याला नोमतोमचा आलाप म्हणतात. सुरुवातीला त्यात मोजता येण्यासारखं काही नसतं, मग मोजू नका. मधूनमधून 'त न न न' असा ठोक्यात बसणारा छोटा तुकडा येतो आणि आलापाचा एक टप्पा मिटतो. तो दोनतीनदा ऐकलात की पुढे स्वतःहून ओळखू लागाल. हळूहळू अक्षरांना नियमित ठोका येतो, मग तो दुप्पट वाटायला लागतो आणि शेवटी अक्षरं एकमेकांवर आदळावीत तशी येतात. तोवर पखवाजावर एकही थाप पडलेली नसते. हा आलाप कधी तासभरही चालतो.

आता ख्याल लावा. राग दाखवण्यापुरते चार-दोन आलाप, बहुतेक आकारात, आणि दोन-तीन मिनिटांत बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, येतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तबला सुरू होतो. यापुढे राग जो काही उलगडायचा तो तबला चालू असताना. ध्रुपदियाने तालाबाहेर जो विस्तार केला तोच ख्यालिया आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेरीच्या, आत करतो आणि त्याला जागा हवी म्हणून ठेकाच ताणला जातो.

पेरांवर मोजा

आपल्या चार बोटांना मिळून बारा पेरं आहेत. अंगठ्याने तर्जनीच्या खालच्या पेरापासून सुरू करा. तर्जनीवर एक ते तीन, मधल्या बोटावर चार ते सहा, अनामिकेवर सात ते नऊ, करंगळीवर दहा ते बारा. तर्जनीचं पहिलं पेर म्हणजे सम.

चौतालाचा ठेका 'धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन' असा आहे. मध्य लयीत मात्रा साधारण सेकंदाची धरली तर दहा-बारा सेकंदांत पेरं संपून अंगठा पुन्हा समेवर येतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते आणि तो उघड्या पंजाने वाजतो, म्हणून 'धा' घुमून येतो. दिंडीत किंवा भजनात पखवाज ऐकलेल्या माणसाला हा नाद नवा नाही.

विलंबित एकतालाचे बोल 'धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना'. इथे एक मात्रा चार सेकंदांची असेल तर आवर्तनाला पाऊण मिनिटाहून जास्त लागतं. पहिल्यांदा मोजताना अंगठा हमखास पुढे पळतो, कारण दोन ठोक्यांच्या मधली भर नुसत्या भरावाच्या बोलांची असते आणि आपण तीच मात्रा समजतो. यावर उपाय म्हणजे 'तिरकिट' पकडणं. ते आवर्तनात दोनदाच येतं: चौथ्या मात्रेवर, म्हणजे मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर आणि दहाव्या मात्रेवर, म्हणजे करंगळीच्या पहिल्या पेरावर. दुसरं तिरकिट झालं की 'धी ना' राहतात, गायक मुखड्याकडे वळतो आणि सम येते. चुकलात तरी पुढच्या तिरकिटाला पुन्हा धरता येतं. माझ्या आत्याला मी असंच शिकवलं. तिसऱ्या आवर्तनाला तिची मान समेवर गेली आणि त्यानंतर तिने बोटं मोजणंच सोडून दिलं, मोजायची गरज राहिली नव्हती.

वेग वाढतो तेव्हा नेमकं काय वाढतं ते पाहा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. दोन्हीकडे गाणं पुढे पुढे जलद होतं, पण जलद होणारी गोष्ट वेगळी असते.

ध्रुपदात ठेक्याचा चालू वेग पुष्कळसा तसाच ठेवून गायक बंदिशीचे शब्द दुगुणीत, तिगुणीत, चौगुणीत म्हणतो. समजा, अस्थाईची, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाची, एक ओळ समेपासून सुरू होऊन बरोबर बारा मात्रा घेते. दुगुणीत ती सहा मात्रांत संपेल. मग ती दोनदा म्हणून आवर्तन भरायचं, किंवा एकदाच म्हणायची असेल तर सातव्या मात्रेला, अनामिकेच्या पहिल्या पेरावर उचलायची, म्हणजे ओळ संपताच सम. तिगुणीत ओळीला चार मात्रा पुरतात, ती नवव्या मात्रेला उचलली जाते. चौगुणीत तीन मात्रा, उचल दहाव्या मात्रेवर, करंगळीच्या पहिल्या पेरावर. अंगठा त्याच संथपणे चाललेला असतो आणि शब्द त्याच्यावरून धावतात. बंदिश समेपासून सुरू होणारी नसेल तर उचलीच्या जागा त्या प्रमाणात सरकतात, हिशोब तोच. यापुढे गायक शब्द तोडून, उलटसुलट वाटून पखवाजियाशी खेळतो आणि दोघे समेला भेटतात.

ख्यालात आधी ठेकाच बदलतो. बडा ख्याल संपला की छोटा ख्याल येतो, बहुधा द्रुत तीनतालात किंवा द्रुत एकतालात. बोटांवर मोजणारा अंगठाच आता धावायला लागतो. त्याच्यावर ताना येतात: आकारात, एका दमात, शब्दांशिवाय सूर ओवत जाणाऱ्या. काही ताना शब्द घेऊनही येतात, त्यांना बोल-ताना म्हणतात. आकारातली सपाट तान ध्रुपदात ऐकू येत नाही. ती कानावर पडली की तुम्ही ख्यालच ऐकता आहात.

एका गंधारावर कान ठेवा

अलंकार ओळखायला सबंध मैफल लागत नाही, यमनचा गंधार पुरतो. ध्रुपदाच्या आलापात गायक मंद्र निषादावरून मींड घेत ऋषभाच्या अंगाने गंधाराकडे येतो. ही मींड लांब असते आणि मधली वाट कुठे तुटत नाही. गंधारावर आला की तो थांबतो, काही करत नाही, आवाज जाड-बारीक होतो तेवढंच. पुढे लय वाढल्यावर त्याच गंधाराला पोटातून जोर देऊन हलवलं जातं, तो गमक. छातीत दणका बसल्यासारखा तो ऐकू येतो.

ख्यालात तोच गंधार आला की त्याच्याभोवती काहीतरी गुंफलेलं असतं. 'म ग रे ग' असा चार सुरांचा झटका पापणी लवते तेवढ्या वेळात येऊन जातो, त्याला खटका म्हणतात. तेच हलक्या, मऊ गळ्याने घेतलं की मुरकी. खटका आणि मुरकी ध्रुपदात घेत नाहीत. सुराची सरळ रेघ त्यांनी मोडते, असं ध्रुपदियांना वाटतं. मींड आणि गमक मात्र ख्यालातही भरपूर आहेत, तेव्हा गमक ऐकला म्हणून ध्रुपद, असा निष्कर्ष काढू नका.

गमक ख्यालात कसा पोचला, हे इतिहास पाहिला की उमगतं. मुहम्मदशाह रंगीले याच्या दरबारातल्या नेमतखाँ 'सदारंग' यांच्या ख्यालाच्या चीजा आजही गायल्या जातात, आणि ते स्वतः बीनकार, ध्रुपदाच्या परंपरेतले होते. आपल्या कोल्हापुरात स्थिरावलेल्या अल्लादियाखाँचं घराणंही मूळचं ध्रुपदियांचं.

जिथे हमखास फसायला होतं

आग्रा घराण्याचे गायक ख्यालाआधी नोमतोमचा आलाप करतात. फैयाजखाँचं मुद्रण लावून पहिली काही मिनिटं ऐकली तर ध्रुपदच वाटेल. घाई करू नका, ठेका सुरू होईपर्यंत थांबा. तबला आला, बंदिश मुखड्याने समेवर आली आणि पुढे तान पडली, तर ख्याल.

तराण्यातही 'तोम् तननन' असतं, पण तिथे तबला पहिल्यापासून वाजत असतो आणि लय बहुतेक द्रुत असते. नोमतोमच्या वेळी पखवाज गप्प.

अमीरखाँचा अतिविलंबित झुमरा ऐकताना उलटी चूक होते. ठेहराव इतका, की मन ध्रुपदाकडेच जातं. झुमरा चौदा मात्रांचा असल्याने इथे बारा पेरं चालणार नाहीत. पण मात्रा मोजता येत आहेत आणि तबला चालू आहे, एवढ्यावरच उत्तर मिळतं.

आणि ध्रुपद म्हणजे केवळ डागर घराण्याच्या गायकांचा दीर्घ, शांत आलाप असं धरून बसलात तर दरभंग्याच्या मल्लिक परंपरेचं गाणं तुम्हाला ओळखू येणार नाही. तिथे बंदिशीतल्या लयकारीला मोठा मान आहे, आवाज जोरकस आणि शब्दांचे ठोके पखवाजाला भिडणारे. ते ऐकताना अंगठा पेरांवर ठेवा आणि गायक ओळ सातव्या मात्रेला उचलतो की दहाव्या, एवढंच पाहा.